शिक्षणासाठी नोकरी सोडणाऱ्या नर्सचं राजीनामापत्र: आधी तारीख, मग मजकूर

"मला पुढील शिक्षणासाठी जायचे असल्याने मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. तरी मला लवकरात लवकर मोकळे करावे, ही विनंती."

नाशिकमध्ये मेट्रन म्हणून काम करताना अशी पत्रं मी ढिगाने पाहिली. पत्रात उद्धटपणा नसतो, चूकही दिसत नाही. पण त्यात एकही तारीख नसते. "लवकरात लवकर" याचा अर्थ सिस्टरच्या मनात पुढचा सोमवार असतो. ड्युटी रोस्टर बघणाऱ्या माणसाच्या मनात "नवीन मुलगी मिळाली की" एवढाच असतो. मग महिनाभर ओढाताण होते. शेवटी सिस्टर चिडून यायची बंद होते आणि अनुभव प्रमाणपत्र अडकतं. एमएस्सी नर्सिंगला ते प्रमाणपत्रच लागतं.

हा लेख खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या, बीएस्सी नर्सिंग झालेल्या आणि एमएस्सीला निघालेल्या स्टाफ नर्ससाठी आहे. जीएनएम करून पोस्ट बेसिकला जाणाऱ्यांनाही बहुतेक पायऱ्या लागू पडतील.

सावधान: तुम्ही सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा इतर सरकारी सेवेत कायम असाल, तर हे पत्र लिहू नका. सरकारी सेवेत शिक्षणासाठी आधी अध्ययन रजा आणि विभागाची परवानगी मागायची असते. राजीनामा दिला, तर निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी मागची सेवा हातची जाऊ शकते. आधी आस्थापना शाखेत जाऊन विचारा.

## १. पत्राआधी तीन कागद हातात घ्या

पहिला कागद नियुक्तीपत्र. नोकरी लागली त्या दिवशी सही करून आपण ते कपाटात टाकतो आणि विसरतो. ते काढा आणि चार गोष्टी शोधा: नोटिशीचा कालावधी किती, तो दिवसांत लिहिलाय की महिन्यांत, नोटीस कमी पडली तर पैसे मूळ पगारावर कापतात की एकूण पगारावर, आणि शिल्लक रजा नोटिशीत वळती करता येते का. काही नियुक्तीपत्रांसोबत बाँडही असतो. त्याची मुदत कधी संपते, ते याच वेळी पाहा. बाँड शिल्लक असेल तर तो विषय राजीनाम्याच्या आधी बोलून मिटवायचा. पत्र दिल्यावर बोलायला गेलात, तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

दुसरा कागद म्हणजे त्या वर्षीच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे एमएस्सी नर्सिंगसाठी नोंदणीकृत परिचारिका आणि सुईण असावं लागतं, बीएस्सीला किमान ५५ टक्के गुण लागतात आणि बीएस्सीनंतरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. हे एक वर्ष कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण झालेलं धरणार, ते त्या वर्षीच्या पुस्तिकेतच पाहायचं. मैत्रिणीने मागच्या वर्षी काय केलं, त्यावर जाऊ नका. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला असल्यामुळे नाशिकच्या मुली हा प्रश्न घेऊन तिकडे खेटे घालतात. पण प्रवेशाची फेरी राज्याच्या सीईटी कक्षाकडून होते. विद्यापीठ तुमची पात्रता तपासतं ते प्रवेश झाल्यावर, कॉलेजने कागद पाठवल्यानंतर. म्हणजे आज जो घोळ राहील, तो सगळा प्रवेश झाल्यानंतर वर येतो, आणि ती वेळ सगळ्यात वाईट.

तिसरा कागद, म्हणजे खरं तर गठ्ठा, तुमची मूळ प्रमाणपत्रं. दहावी-बारावी, बीएस्सीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र. काही ठिकाणी रुजू होताना मूळ कागद ठेवून घेतात. तुमचे तसे ठेवले असतील, तर "सीईटीच्या कागदपत्र पडताळणीसाठी मूळ प्रती हव्यात" असा साधा अर्ज देऊन ते राजीनाम्याआधी परत घ्या. पडताळणीसाठी ते लागतातच, त्यामुळे कारण खरं आहे. नंतर हाच अर्ज "सगळं क्लिअर झालं की बघू" या खणात जातो.

तपासा: "सध्या कार्यरत असल्याचं" प्रमाणपत्रही आत्ताच मागून घ्या. फॉर्म भरताना ते लागतं. राजीनामा दिलेला नसताना ते बहुतेक ठिकाणी दोन दिवसांत मिळतं.

## २. नावाचा घोळ आधी सोडवा

ही पायरी छोटी आहे, पण लग्न झालेल्या मुली हमखास इथे अडकतात. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, नोंदणी प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आणि लग्नानंतर रुग्णालयातली हजेरी, पगारपत्रक, ओळखपत्र सासरच्या नावाने. राजीनाम्यावर तुम्ही जे नाव लिहाल, तेच क्लार्क अनुभव प्रमाणपत्रावर उतरवतो. मग पडताळणीच्या टेबलावर दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात.

राजीनाम्यात दोन्ही नावं लिहा: आधी रुग्णालयाच्या दप्तरातलं, लगेच पुढे "(लग्नापूर्वीचे नाव: …)". अनुभव प्रमाणपत्रातही तसंच हवं, असं पत्रात स्पष्ट मागा. नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत जोडा.

## ३. शेवटच्या दिवसाची तारीख काढा

सगळा लेख या एका पायरीसाठी लिहिलाय म्हटलं तरी चालेल. शेवटच्या दिवसाला दोन कुंपणं असतात. अलीकडचं कुंपण म्हणजे तुमचं एक वर्ष पूर्ण होण्याचा दिवस. पलीकडचं म्हणजे कॉलेजमध्ये हजर होण्याचा दिवस. तारीख या दोन्हींच्या मध्ये पडायला हवी. नोटिशीचा हिशोब त्यानंतर येतो.

एक उदाहरण घेऊ. तारखा उदाहरणासाठी धरल्या आहेत. प्रवेशाचं वेळापत्रक दर वर्षी बदलतं, त्यामुळे तुमच्या तारखा तुम्ही भरायच्या.

मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत काम करणारी सिस्टर. रुजू झाली ९ सप्टेंबर २०२४ला. नोटीस ३० दिवस. कॉलेजचं नाव यादीत आलं २६ ऑगस्ट २०२५ला. कॉलेजमध्ये हजर व्हायचं १८ सप्टेंबरला. अनुभव १५ सप्टेंबरपर्यंतचा धरला जाणार आहे.

अलीकडचं कुंपण. ९ सप्टेंबर २०२४ला रुजू झाल्यावर वर्ष पूर्ण होतं ८ सप्टेंबर २०२५ला, ते दिवस धरून. मुली इथे थांबतात. पण या सिस्टरने मधे चार दिवस बिनपगारी रजा घेतली होती. काही रुग्णालयं प्रमाणपत्रावर बिनपगारी रजेचे दिवस वेगळे दाखवतात. तसं झालं, तर वर्ष चार दिवसांनी कमी पडतं. म्हणून तिने चार दिवस पुढे ढकलून १२ सप्टेंबर हे आपलं खरं कुंपण धरलं. तुमच्या बिनपगारी रजा किती, ते आठवणीवर सोडू नका. बारा महिन्यांच्या पगारपत्रकांत कापलेले दिवस मोजा.

पलीकडचं कुंपण. एमएस्सी हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. कॉलेजची हजेरी सुरू झाल्यानंतरची तारीख अनुभव प्रमाणपत्रावर असेल, तर एकाच वेळी पूर्णवेळ नोकरी आणि पूर्णवेळ शिक्षण दिसतं. "चार दिवस ॲडजस्ट करून दोन्हीकडे जाईन," असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. १८ला हजर व्हायचं, म्हणून १७च्या आत नोकरी संपलेली हवी.

म्हणजे तिच्यासाठी खिडकी १२ ते १७ सप्टेंबर. पण अनुभव १५पर्यंतचाच धरणार, म्हणून १५नंतर राहून फायदा नाही. तिने १५ सप्टेंबर, सोमवार ही तारीख ठरवली.

नोटीस. २६ला यादी आली, पण २७ला गणेश चतुर्थी. कार्यालय बंद. पत्र हातात पडलं २८ ऑगस्टला. नोटिशीचे दिवस पत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले, तर २९ ऑगस्ट हा पहिला दिवस आणि तिसावा दिवस २७ सप्टेंबर. तिला जायचंय १५ला. २९ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर म्हणजे १८ दिवस. कमी पडले १२.

हे १२ दिवस पत्रात लपवायचे नाहीत. त्यांचे पैसे किती होतात ते आधी काढायचं. समजा मूळ पगार १८,००० आणि एकूण पगार २४,००० आहे. मूळ पगारावर कपात असेल तर १८,००० भागिले ३०, गुणिले १२, म्हणजे ७,२०० रुपये. एकूण पगारावर असेल तर ९,६००. फरक २,४०० रुपयांचा, म्हणून नियुक्तीपत्रातला तो शब्द वाचायला सांगितलं होतं. तिच्या सात दिवसांच्या हक्काच्या रजा शिल्लक होत्या. त्या वळत्या करण्याची सोय नियुक्तीपत्रात असेल, तर कमी पडलेले दिवस उरतात पाच आणि मूळ पगारावर कपात होते ३,००० रुपये.

सावधान: नियुक्तीपत्रात "३०दिवस" आहे की "एक महिना", ते पुन्हा पाहा. ३१ दिवसांचा महिना मधे आला की दोन्हींची शेवटची तारीख एका दिवसाने हलू शकते. शंका असेल तर उशिराची तारीख धरा.

सावधान: शेवटचा दिवस नाइट ड्युटीचा नको. १५ची नाइट १६च्या सकाळी संपते. हजेरीपटावर १५, पंचिंग मशीनवर १६, आणि प्रमाणपत्रावर क्लार्कला वाटेल ती. शेवटची ड्युटी मॉर्निंग किंवा आफ्टरनून मागून घ्या.

## ४. पत्र कधी द्यायचं

फॉर्म भरला म्हणून राजीनामा नाही. सीईटी चांगली गेली म्हणून नाही. गुणवत्ता यादीत वर नाव आलं म्हणूनही नाही. कॉलेजचं नाव हातात आल्यावरच पत्र द्यायचं. दुसऱ्या फेरीत बरं कॉलेज मिळेल या आशेने पहिल्या फेरीतली जागा सोडणार असाल, तर तोपर्यंत थांबा.

मग नोटीस कमी पडणारच, असं तुम्ही म्हणाल. पडते. ते टाळण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे: तोंडी आधी सांगणं. फॉर्म भरताना कार्यरत असल्याचं प्रमाणपत्र मागितलंत, तेव्हाच इनचार्ज सिस्टरना कळलेलं असतं. त्याच वेळी मेट्रन मॅडमना भेटून सांगा, "मॅडम, एमएस्सीचा फॉर्म भरतेय. जागा मिळाली तर सप्टेंबरात जावं लागेल. नक्की झालं की लगेच लेखी देते." रोस्टर करणाऱ्या माणसाला दोन महिने आधी कळलेली गोष्ट आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात अचानक हातात पडलेलं पत्र, यात फार फरक असतो. त्या आठवड्यात अर्ध्या वॉर्डाला गावी जायचं असतं. मी स्वतः अशा वेळी एका सिस्टरवर उगाच ओरडले होते. तिने जूनमध्येच सांगून ठेवलं होतं, ते मीच विसरले होते, आणि माझ्या डायरीत लिहिलेलं सापडल्यावर मला तिचे बारा दिवस माफ करण्याची शिफारस करावी लागली.

इनचार्जला सांगण्याआधी थेट एचआरकडे जाऊ नका. कागदाने तसं चालतं, माणसांच्या मनाला ते लागतं. प्रमाणपत्रावर सही होण्याआधी शेरा इनचार्ज आणि मेट्रनचाच लागतो.

## ५. पत्र लिहा

पत्र एका पानात बसलं पाहिजे. त्यात एवढं हवं: कोणाला, कोणामार्फत, नियुक्तीपत्राचा संदर्भ, कारण एका ओळीत, शेवटचा दिवस तारखेने, नोटिशीचा हिशोब, आणि हवे असलेले कागद. पत्रव्यवहार इंग्रजीत असेल, तर याच क्रमाने इंग्रजीत लिहा. मराठी पत्रही चालतंच.

उदाहरणातल्या सिस्टरचं पत्र असं होईल:

> दिनांक: २८ ऑगस्ट २०२५
>
> प्रति,
> मा. वैद्यकीय अधीक्षक,
> ………… रुग्णालय, नाशिक
>
> मार्फत: मा. नर्सिंग सुपरिटेंडेंट
>
> विषय: उच्च शिक्षणासाठी स्टाफ नर्स पदाचा राजीनामा, १५ सप्टेंबर २०२५ रोजी कामकाजानंतर कार्यमुक्त करण्याबाबत
>
> संदर्भ: नियुक्तीपत्र क्र. ……, दि. ……
>
> महोदय,
>
> मी ………… (लग्नापूर्वीचे नाव: …………), कर्मचारी क्र. ……, दि. ९ सप्टेंबर २०२४ पासून अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून पूर्णवेळ कार्यरत आहे. माझी एमएस्सी नर्सिंग या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी निवड झाली असून मला दि. १८ सप्टेंबर २०२५ रोजी महाविद्यालयात हजर व्हायचे आहे. या कारणाने मी माझ्या पदाचा राजीनामा सादर करीत आहे.
>
> माझा कामाचा शेवटचा दिवस सोमवार, दि. १५ सप्टेंबर २०२५ धरावा, ही विनंती.
>
> नियुक्तीपत्रानुसार नोटिशीचा कालावधी ३० दिवसांचा आहे. दि. २९ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर हे १८ दिवस मी काम करीन. उरलेल्या १२ दिवसांपैकी ७ दिवस माझ्या शिल्लक अर्जित रजेतून वळते करावेत आणि ५ दिवसांची रक्कम नियुक्तीपत्रातील अटीप्रमाणे अंतिम हिशोबातून कापून घ्यावी. दिवस माफ करणे शक्य असल्यास तसा विचार व्हावा.
>
> माझ्याकडील कामाचा व साहित्याचा ताबा मी विभागप्रमुख सांगतील त्या व्यक्तीकडे शेवटच्या दिवसापर्यंत लेखी देईन.
>
> कार्यमुक्तीच्या दिवशी पुढील कागद मिळावेत, ही विनंती: (१) राजीनामा स्वीकृती व कार्यमुक्ती पत्र, (२) रुजू व कार्यमुक्तीची तारीख, पद, विभाग आणि दोन्ही नावे नमूद असलेले अनुभव प्रमाणपत्र. अंतिम हिशोब नियमानुसार द्यावा.
>
> आपली विश्वासू,
> (सही)
> नाव, पद, मोबाइल क्रमांक
>
> सोबत: निवड झाल्याच्या पत्राची प्रत
> प्रत: मनुष्यबळ विभाग

मजकुरातल्या काही जागांबद्दल.

कारण एका ओळीत आहे आणि ते खरं आहे. कॉलेजची फी किती, घरच्यांचं म्हणणं काय, नाइट किती लागल्या, पगार किती कमी, यातलं काहीही इथे येत नाही. गाऱ्हाणं असेल तर ते वेगळ्या अर्जात द्या. हे पत्र तुमच्या फायलीत कायम राहतं आणि दोन वर्षांनी तुम्ही ट्यूटर किंवा सुपरवायझर म्हणून याच गावात अर्ज कराल. आणि खरं कारण गंगापूर रोडच्या दुसऱ्या रुग्णालयात जास्त पगार मिळतोय हे असेल, तर शिक्षणाचं नाव लावू नका. नाशिक मोठं झालं असलं, तरी मेट्रन अजून एकमेकींना फोन करतात.

"लवकरात लवकर" आणि "तात्काळ" हे शब्द पत्रात कुठेही नाहीत. "१५ सप्टेंबर रोजी कामकाजानंतर" असं आहे. पुढच्या तारखेचा राजीनामा असण्याचा आणखी एक उपयोग आहे. कागदपत्रांत काही निघून प्रवेश रद्द झाला, तर ती तारीख येण्याआधी राजीनामा मागे घेण्याचा लेखी अर्ज करता येतो. "आजपासून राजीनामा" लिहिलंत तर मागे घ्यायला काही शिल्लक राहत नाही.

"दिवस माफ करणे शक्य असल्यास" ही ओळ शेवटी आणि एकदाच. आधी पैसे भरण्याची तयारी, मग सवलतीची विनंती. उलट क्रमाने लिहिलं की ते पत्र निर्णयाविना टेबलावरून टेबलावर फिरत राहतं.

## ६. पत्र द्या आणि पोच घ्या

दोन प्रती छापा. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही. नुसतं "मिळालं" लिहून सही केलेली प्रत अर्धीच पोच आहे, कारण नोटिशीचे दिवस त्यावरच्या तारखेपासून मोजायचे आहेत.

मेट्रन मॅडमच्या टेबलावर ठेवून आलात, तर ते दिलेलं नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तेही नाही. पोच देत नसतील, तर त्याच दिवशी पत्राची स्कॅन प्रत रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर आपल्या स्वतःच्या ईमेलवरून पाठवा, आणि मनुष्यबळ विभागाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने मूळ प्रत टाका. पावती जपून ठेवा. रुग्णालयाने दिलेल्या ईमेलवरून पाठवू नका. तो शेवटच्या दिवशी बंद होतो आणि पुरावा त्यातच राहतो.

तपासा: चार-पाच दिवसांत स्वीकृतीचं पत्र आलं नाही, तर एक ओळीचं स्मरणपत्र द्या. "स्वीकारलं, पण २७ तारखेपर्यंत राहा" असं उत्तर आलं, तर कॉलेजमध्ये हजर होण्याच्या पत्राची प्रत घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना समक्ष भेटा. या टप्प्यावर बहुतेक गाठी समक्ष भेटूनच सुटतात. कमी पडलेल्या दिवसांच्या पैशांचा आकडा तुमच्याकडे तयार असतो, हा त्यातला मोठा आधार.

## ७. नोटिशीचे दिवस

या दिवसांत आजारपणाच्या रजा टाकू नका. नोटिशीत घेतलेली रजा पुष्कळ ठिकाणी नोटीस पुढे ढकलते आणि मग १५ तारखेचा सगळा हिशोब कोसळतो. खरंच आजारी पडलात, तर त्याच दिवशी कळवा आणि डॉक्टरांचा कागद द्या.

ओव्हर देणं आपण रोज करतो, पण तो रुग्णांचा ओव्हर असतो. जाताना साहित्याचा द्यायचा असतो. आयसीयूत तुमच्या नावावर काय आहे ते लिहून काढा: क्रॅश कार्टची यादी, डेडस्टॉक रजिस्टरमधल्या वस्तू, कपाटाच्या चाव्या, आणि नार्कोटिक औषधांच्या रजिस्टरमधला शिल्लक साठा. शेवटच्या गोष्टीत जास्त वेळ घालवा. अँप्युल प्रत्यक्ष मोजायच्या, रजिस्टरशी जुळवायच्या, घेणारीची सही तारीख-वेळेसह घ्यायची. जुळत नसेल तर त्याच क्षणी इनचार्जना सांगायचं. तुम्ही गेल्यावर कमी भरलेल्या प्रत्येक गोष्टीला "ती गेली ना, तिच्याकडेच होतं" हे उत्तर तयार असतं.

नो ड्यूजच्या फॉर्मवर सह्या घ्यायला शेवटचा दिवस पुरत नाही. स्टोअर, फार्मसी, लायब्ररी, हॉस्टेल, अकाउंट्स, आयटी, प्रत्येकाची वेळ वेगळी. चार दिवस आधी सुरुवात करा. उदाहरणातल्या सिस्टरचा शेवटचा दिवस सोमवार होता आणि आधी रविवार. म्हणजे सह्या शुक्रवारपासूनच घेतलेल्या बऱ्या.

रुग्णांच्या केस पेपरचे किंवा चार्टचे फोटो "अभ्यासाला उपयोगी पडतील" म्हणून मोबाइलमध्ये नेऊ नका. प्रबंधासाठी पुढे लागलंच, तर कॉलेजमार्फत रीतसर परवानगी मागता येते.

सावधान: भांडण झालं, स्वीकृती आली नाही, तरी शेवटच्या तारखेआधी न सांगता जाणं बंद करू नका. हजेरीपटावर सलग गैरहजेरी लागली की राजीनाम्याऐवजी तोच कागद पुढे येतो आणि अनुभव प्रमाणपत्र देताना त्याचाच आधार घेतात.

## ८. शेवटच्या दिवशी: कागद हातात घेऊन तिथेच वाचा

पाकीट बॅगेत टाकून केक कापायला जाऊ नका. आधी अनुभव प्रमाणपत्र उघडा आणि बोट ठेवून वाचा.

दोन्ही नावं आहेत का, आणि नोंदणी प्रमाणपत्रावरच्या स्पेलिंगशी जुळतात का. रुजू तारीख नियुक्तीपत्राशी जुळते का. कधी कधी क्लार्क रुजू तारखेऐवजी नियुक्तीपत्राची तारीख टाकतो. कार्यमुक्तीची तारीख स्वीकृतीपत्रात आहे तीच आहे का. पद "स्टाफ नर्स" लिहिलंय की नुसतं "नर्सिंग स्टाफ". "नर्सिंग स्टाफ"मध्ये सहायकही येतात, त्यामुळे पडताळणीत प्रश्न निघतो. "पूर्णवेळ" हा शब्द आहे का. जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचं नाव-पद आणि शिक्का आहे का. माहितीपुस्तिकेत प्रमाणपत्राचा नमुना दिलेला असेल, तर तो छापून पत्रासोबतच द्यायचा. रुग्णालयाच्या लेटरहेडवरचा कितीही सुंदर मजकूर त्या नमुन्याला पर्याय ठरत नाही.

चूक निघाली तर तिथेच दुरुस्त करून घ्या. पेनने खोडून सही केलेली दुरुस्ती स्वीकारू नका, नवीन प्रत मागा. आज दहा मिनिटांचं काम असतं. पंधरा दिवसांनी पुण्याच्या कॉलेजमधून फोनवर तेच काम सांगताना पंधरा फोन लागतात.

"हिशोब झाल्यावर प्रमाणपत्र देऊ" असं ऐकायला मिळालं, तर निदान कार्यमुक्तीचं पत्र त्या दिवशी घ्याच. तारखेसह कार्यमुक्तीचं पत्र आणि रुजू होतानाचं नियुक्तीपत्र दोन्ही असलं, तर कॉलेजकडे प्रमाणपत्रासाठी थोडी मुदत मागताना दाखवायला काहीतरी असतं.

## ९. निघाल्यानंतर

अंतिम हिशोबाच्या कागदावर तीन आकडे ताडा: कामाच्या दिवसांचा पगार, वळत्या केलेल्या रजा आणि नोटिशीची कपात. रजा वळत्या करून पुन्हा पूर्ण १२ दिवसांची कपात झालेली मी पाहिली आहे. कुणी मुद्दाम करत नाही, रजेचा तक्ता एका टेबलावर आणि पगाराचा दुसऱ्या टेबलावर असतो. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल, तर ग्रॅच्युइटीचा अर्जही याच वेळी द्या. उदाहरणातल्या सिस्टरला तो प्रश्न नव्हता.

भविष्य निर्वाह निधी लगेच काढायची घाई करू नका. शिकून पुन्हा नोकरीला लागलात की त्याच युएएन क्रमांकावर जुनी रक्कम पुढे नेता येते. मात्र नोकरी सोडल्याची तारीख तिथे नोंदली गेली आहे का, ते पाहा. रुग्णालयाने नोंदवली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर `Manage` आणि मग `Mark Exit` मध्ये जाऊन ती तुम्हाला स्वतःला भरता येते. भरताना तारीख कार्यमुक्ती पत्रावरचीच टाका. एकदा नोंदवलेली तारीख सहजी बदलत नाही.